काहीही न सोडणारं पोझिशनिंग

बाजारात वर्षानुवर्षं माल विकलेला एक परिचित परवा तावातावाने म्हणाला, “मार्केटिंगच्या मुलांना ते हर्बल टीचं असाइनमेंट देणं बंद करा. नवी कंपनी काढा, तिचं पोझिशनिंग स्टेटमेंट लिहा, ब्रँड पर्सनॅलिटी लिहा. सगळी पोरं एकच वाक्य लिहितात. फक्त ब्रँडचं नाव बदलतं.” त्याचं म्हणणं तीन मुद्द्यांत मांडता येतं. पहिला, ही वाक्यं म्हणजे गाळलेल्या जागा भरण्याचा खेळ आहे आणि त्यातून कुठलाही निर्णय होत नाही. दुसरा, गिऱ्हाईक ब्रँडमधलं वेगळेपण फारसं बघतच नाही, हे आता संशोधनानेही दाखवलं आहे. तिसरा, चहाच्या डब्याला स्वभाव नसतो, म्हणून ‘पर्सनॅलिटी’ ही एजन्सीवाल्यांनी बिल वाढवायला काढलेली कल्पना आहे.

त्याच्या तक्रारीतला पुरावा खरा आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे त्याच असाइनमेंटमधून दाखवता येतं.

आधी पुरावा बघू. या विषयावर मुलं साधारणपणे असं लिहितात: “आरोग्याबाबत जागरूक असलेल्या आधुनिक ग्राहकांसाठी आमचा ब्रँड हा नैसर्गिक आणि शुद्ध औषधी वनस्पतींपासून बनवलेला प्रीमियम हर्बल टी आहे, जो शरीर आणि मन ताजंतवानं करतो, कारण आम्ही आयुर्वेदाचा वारसा जपतो.” साचा जुनाच आहे. कोणासाठी, कोणत्या प्रकारची वस्तू, कोणता फायदा, कशावर विश्वास ठेवायचा. जेफ्री मूरने 1991 च्या पुस्तकात तो जवळपास या रूपात मांडला आणि तेव्हापासून तो पाठ्यपुस्तकांत आणि कंपन्यांच्या स्लाइड्सवर फिरतो आहे. साच्यात खोट नाही. खोट आहे ती चारही जागांत भरलेल्या मजकुरात.

‘आरोग्याबाबत जागरूक आधुनिक ग्राहक’ यातून कोण वगळलं गेलं? कोणीच नाही. आरोग्याबाबत बेफिकीर आणि जुनाट असं स्वतःला म्हणवून घेणारा माणूस शोधून दाखवा. ‘शरीर आणि मन ताजंतवानं’ हा फायदा सरबतालाही लागू आहे आणि सकाळच्या फेरफटक्यालाही. ‘आयुर्वेदाचा वारसा’ हा पुरावा म्हणावा तर कंपनी कालची आहे, तिचा वारसा आला कुठून? शिवाय ही वाक्यं लेबलवर उतरवायची ठरवली की कायदा आडवा येतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात आणि दावे नियमांत ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’ असे शब्द कोणत्या अटींवर वापरता येतील हे सांगितलेलं आहे. आणि डिसेंबर 2025 मध्ये त्याच प्राधिकरणाने स्पष्ट केलं की कॅमेलिया सायनेन्सिस या झाडापासून जे बनलेलं नाही त्याला ‘टी’ म्हणून विकता येणार नाही. म्हणजे मुलांच्या वाक्यातलं सगळ्यात निरुपद्रवी वाटणारं नाम, ‘हर्बल टी’, तेच डब्यावर छापण्याजोगं उरलेलं नाही.

इथवर परिचिताशी माझं एकमत आहे. पण ही वाक्यं रिकामी आहेत ती त्यांतून काहीच सोडावं लागत नाही म्हणून. ‘पोझिशनिंग’ हा शब्द ज्यांनी रुजवला त्या अल रीस आणि जॅक ट्राउट यांनी 1972 मध्ये ‘अॅडव्हर्टायझिंग एज’मध्ये लेखमाला लिहिली. तिचा मूळ रोखच असा होता की जाहिरातींच्या गर्दीत माणसाच्या डोक्यात जागा थोडी असते, आणि ती हवी असेल तर बाकीच्या जागांवर पाणी सोडावं लागतं. वर्गात हा सोडण्याचा भाग गळून पडतो आणि विशेषणं जोडण्याचा भाग तेवढा उरतो. दोष वाक्याचा नाही, ते कशावर तपासलं जातं याचा आहे.

तर आता तेच असाइनमेंट नीट करून बघू. समजा कंपनी महाराष्ट्रातली आहे आणि तिच्याकडे एक मिश्रण तयार आहे: गवती चहा, आलं, तुळस आणि गोडव्यासाठी ज्येष्ठमध. वीस पिशव्यांचा डबा एकशे ऐंशी रुपयांना, म्हणजे कपामागे नऊ रुपये. पहिला प्रश्न ‘आपला ग्राहक कोण’ हा नाही. पहिला प्रश्न असा, की हे पेय घेतलं नाही तर माणूस त्या वेळी काय घेतो? स्पर्धक तिथे सापडतो. मुलं स्पर्धक म्हणून दुकानाच्या फळीवरचे बाकीचे हर्बल डबे लिहितात. पण मराठी घरात गवती चहाची जुडी भाजीवाल्याकडे कोथिंबिरीशेजारी मिळते, कुणाच्या तर परसातच असते, आणि आलं ओट्यावर पडलेलं असतं. सकाळच्या चहात या दोन्ही गोष्टी टाकायला नऊ रुपये लागत नाहीत. सकाळच्या कपासाठी हा डबा विकायचा म्हणजे जवळजवळ फुकट मिळणाऱ्या वस्तूशी लढायचं. ती लढाई नवी कंपनी हरणार.

मग कोणत्या कपासाठी लढता येईल? पन्नाशीच्या आसपासच्या माणसांना विचारा. चारचा चहा चालतो. पण रात्री आठ-साडेआठला पाहुणे आले, किंवा जेवण आटोपून मालिका लावली, की हात चहाकडे जातो आणि मन म्हणतं, नको, मग दोनपर्यंत डोळा लागत नाही. साध्या चहाच्या कपात अंदाजे तीस ते पन्नास मिलिग्रॅम कॅफिन असतं, आणि काही जणांना रात्री तेवढंही पुरतं. ही माणसं मग अर्धा कप घेतात, किंवा गरम पाणी पितात, किंवा हळदीचं दूध. ग्रीन टी त्यांच्या कामाचा नाही, कारण त्यातही कॅफिन आहेच. या एका वेळेला खरी अडचण आहे, आजचे पर्याय मनासारखे नाहीत, आणि आपल्या वनस्पतींत मुळात कॅफिन नाही. जागा सापडली ती इथे.

आता महत्त्वाची गोष्ट. हा निर्णय घेतल्याबरोबर डब्यातला मालच बदलावा लागतो. गोडव्यासाठी घातलेलं ज्येष्ठमध बघा. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात सोडियम आणि पाणी धरून ठेवलं जातं, पोटॅशियम घटतं, आणि ते सतत आणि भरपूर घेतल्यास रक्तदाब चढतो. कॉलेजातल्या मुलाने अधूनमधून एक कप घेतला तर काही बिघडत नाही. पण आपण ज्याला रोज रात्री हा कप घ्यायला सांगणार तो पन्नाशीचा आहे, आणि त्या वयात घरोघरी बीपीची गोळी सुरू असते. तेव्हा ज्येष्ठमध बाहेर. ज्या वाक्याला परिचित ‘कागदावरचा खेळ’ म्हणतो, त्याने इथे पाककृतीतला एक घटक काढून टाकला.

दुसरा बदल याहून अवघड. केव्हिन केलर यांनी ब्रँडच्या वेगळेपणाइतकंच महत्त्व सारखेपणाला दिलं आहे: ज्या जागी तुम्ही उतरता तिथे प्रवेश मिळवायला किमान काय असावं लागतं. रात्रीच्या चहाची जागा घ्यायची तर पेय चहासारखं दिसायला हवं, दूध घातलं तर फुटायला नको आणि पाणचट लागायला नको. गवती चहा आणि तुळस यांचं पाणी फिकट पोपटी उतरतं. त्यात दूध घातलं की जे दिसतं त्याला आमच्याकडे कोणी चहा म्हणणार नाही. ताज्या आल्यातल्या एन्झाइममुळे दूध नासूही शकतं, म्हणून वाळवलेली सुंठ बरी. रंग आणि किंचित कडवटपणा यासाठी भाजलेली चिकोरी घालता येते. तिच्यातही कॅफिन नसतं. स्वादाला वेलदोडा. तुळशीचा उग्र वास दुधाशी जमत नाही, ती गेली तरी चालेल. म्हणजे आता मिश्रण असं झालं: गवती चहा, सुंठ, वेलदोडा, भाजलेली चिकोरी. सुरुवातीच्या चार घटकांतला एकच जसाच्या तसा उरला.

तिसरा बदल कारखान्यातला. ‘कॅफिन नाही’ हे सांगायचं तर ते खरं असायला हवं. छोट्या कंपन्या दुसऱ्याच्या यंत्रावर पिशव्या भरून घेतात, आणि त्याच यंत्रावर आदल्या दिवशी साधा चहा किंवा ग्रीन टी भरलेला असतो. भुकटी राहते. म्हणून पॅकिंगवाल्याशी यंत्र पूर्ण साफ करण्याचं किंवा वेगळ्या लाइनचं बोलणं करावं लागतं आणि तयार मालाची प्रयोगशाळेत चाचणी घ्यावी लागते. चाचणीचा तो कागद म्हणजे स्टेटमेंटमधली ‘विश्वास का ठेवायचा’ ही चौथी जागा. वारसा नव्हे.

आता वाक्य लिहिता येतं: “ज्यांना रात्री दूध घातलेला गरम कप हवासा वाटतो, पण झोप उडेल म्हणून जे तो टाळतात किंवा अर्धाच घेतात, अशा पन्नाशीच्या आसपासच्या चहाबाजांसाठी हे रात्रीचं गरम पेय आहे. ते चहासारखा रंग आणि दाटपणा देतं आणि त्यात कॅफिन नसतं, कारण ते गवती चहा, सुंठ, वेलदोडा आणि भाजलेली चिकोरी यांचं आहे, आणि प्रत्येक बॅचची कॅफिनसाठी चाचणी होते.”

हे वाक्य गोड नाही. ते गोड असायची गरजही नाही, कारण ते गिऱ्हाइकाला दाखवायचंच नसतं. ते कंपनीच्या आतल्या माणसांसाठी असतं. स्टेटमेंट आणि टॅगलाइन यांतली गल्लत हे मुलांच्या विशेषणप्रेमाचं अर्धं कारण आहे. या वाक्यात ‘झोप छान लागते’ असंही म्हटलेलं नाही. तसा दावा करायचा तर शास्त्रीय पुरावा लागेल, आणि तो आपल्याकडे नाही. आणि त्यात ‘चहा’ ही वस्तूची जात म्हणून कुठेही येत नाही. आपण वेळेच्या खिडकीत बसलो आहोत, त्यामुळे प्राधिकरणाच्या त्या स्पष्टीकरणाने आपलं फारसं बिघडत नाही. ज्यांचं सगळं भांडवल ‘हर्बल टी’ या दोन शब्दांत होतं, त्यांनाच नव्याने विचार करावा लागतो.

आणि काय काय सुटलं ते बघा. सकाळ सुटली. जिमवाली तरुण मंडळी सुटली. वजन कमी करणं, डिटॉक्स, प्रतिकारशक्ती, सगळं सुटलं. दिवाळीत कंपन्यांना विकायचे दहा चवींचे भेटडबे सुटले. दूध न घालता पिणारा शौकीनही बहुतेक सुटला. संस्थापकाला हे वाचून पोटात गोळा आला नाही तर स्टेटमेंट अजून कच्चं आहे असं समजावं.

आता परिचिताचा दुसरा मुद्दा, आणि तो वजनदार आहे. बायरन शार्प यांनी 2010 च्या ‘हाउ ब्रँड्स ग्रो’ या पुस्तकात दाखवलं की एकाच वर्गातल्या स्पर्धक ब्रँडांचे ग्राहक एकमेकांसारखेच असतात, आणि ब्रँड वाढतो तो अधूनमधून घेणाऱ्या पुष्कळ लोकांपर्यंत पोचून. लोक वेगळेपणाच्या अर्थापेक्षा ओळखीच्या खुणा लक्षात ठेवतात: रंग, आकार, एखादं चित्र. मला हे बहुतांशी पटतं. पण यातून पोझिशनिंग बाद होत नाही. खूण कशाची काढायची हे कोण ठरवणार?

अमेरिकेतल्या कोलोराडोच्या सेलेस्टियल सीझनिंग्ज कंपनीचं ‘स्लीपीटाइम’ बघा. 1972 पासूनचं हे वनस्पतींचं पेय आहे, कॅमोमाइल, पुदिन्याची एक जात आणि गवती चहा यांचं, आणि त्याच्या डब्यावर रात्रीची टोपी घालून आरामखुर्चीत पेंगणारं अस्वल आहे. शार्प त्या अस्वलाला उत्तम खूण म्हणतील, आणि ती आहेच. पण ते पेय रात्रीचं आहे म्हणूनच अस्वल पेंगतं आहे. ‘शरीर आणि मन ताजंतवानं करणाऱ्या प्रीमियम पेयाचं’ चित्र काढायला चित्रकाराला सांगा. तो कपाशेजारी हिरवं पान काढेल, कारण वाक्याने त्याला दुसरं काही दिलेलंच नाही. फळीवरचे अर्धे हर्बल डबे असेच हिरव्या पानाचे असतात.

शार्पचा दुसरा आक्षेप, म्हणजे छोटा गट धरला तर वाढ खुंटते, त्यालाही उत्तर आहे. आपण माणसांचा छोटा गट धरलेला नाही, दिवसातली एक वेळ धरली आहे. रात्रीचा कप तिशीतल्या बाईलाही हवा असतो आणि तिने डबा घेतला तर कोणी अडवत नाही. पन्नाशीचा चहाबाज हा मिश्रण, दाटपणा आणि भाषा कोणाला समोर ठेवून ठरवायची याचा मापदंड आहे. पैसे मुबलक असते तर सगळ्या वेळा आणि सगळ्या फळ्या धरता आल्या असत्या. नव्या कंपनीकडे ते नसतात, म्हणून तिला सुरुवात कुठून करायची हे ठरवावंच लागतं.

राहिला तिसरा मुद्दा: डब्याला स्वभाव नसतो. खरंय, नसतो. पण डबा बोलतो. त्याच्या पाठीवर मजकूर असतो, कोणी तक्रार केली तर उत्तर जातं, भाव वाढवला तर कारण सांगावं लागतं. हे सगळं वेगवेगळी माणसं लिहितात, आणि ती एकाच तोंडून बोलल्यासारखी वाटावीत यासाठी पर्सनॅलिटीचं वर्णन असतं. जेनिफर आकर यांनी 1997 मध्ये ब्रँडच्या स्वभावाची पाच परिमाणं मांडली: प्रामाणिकपणा, उत्साह, कर्तबगारी, अभिजातपणा आणि रांगडेपणा. पुढे 2001 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जपान आणि स्पेनमध्ये पाहिलं तेव्हा दोन्हीकडे रांगडेपणाऐवजी शांतपणा हे परिमाण पुढे आलं. म्हणजे ही यादी कुठेही चिकटवायचा तक्ता नाही, हे खुद्द त्यांच्याच कामातून दिसतं. मुलं मात्र तक्ता उघडतात आणि हर्बल टी म्हटल्यावर लिहितात: शांत, प्रेमळ, अस्सल, निसर्गाशी नातं सांगणारी. हा त्या अख्ख्या फळीचा स्वभाव झाला. तुमच्या डब्याचा नव्हे.

स्वभाव पुन्हा पोझिशनिंगमधूनच निघतो. आपल्या माणसाला डॉक्टर सांगतो चहा कमी करा, मुलगी सांगते कमी करा, व्हॉट्सअॅपही तेच सांगतं. त्याला आणखी एक उपदेशक नको आहे. म्हणून आपला ब्रँड वैद्य नाही, योगशिक्षक नाही. तो रात्री गप्पांना येणारा, चहाचा खराखुरा चाहता असलेला शेजारी आहे. अगत्यशील, थोडा खट्याळ, कधीही शहाणपण न शिकवणारा. आता ही विशेषणं पणाला लावू. डब्याच्या पाठीवर ‘तणावमुक्तीचा अनुभव घ्या’ असं वैद्य लिहील. आपला शेजारी लिहील: “पाणी खळखळून उकळू द्या. पिशवी पाच मिनिटं राहू द्या. मग दूध, साखर तुमच्या मर्जीने. आम्ही मोजत नाही.” कोणी तक्रार केली की याला चहाची सर नाही, तर वैद्य फायद्यांची यादी पाठवेल. शेजारी म्हणेल: “नाहीच. सकाळी चहाच घ्या, आम्हीही घेतो. हा रात्रीचा आहे.” हे दुसरं उत्तर शांत, प्रेमळ आणि अस्सल या तीन शब्दांतून कधीच आलं नसतं. आणि ‘कधीही शहाणपण न शिकवणारा’ हे ठरल्यावर कंपनीला ‘चहा किती वाईट’ असं सांगणारा व्हिडिओ करता येणार नाही, कितीही लोकांनी तो पुढे पाठवला असता तरी. इथेही पुन्हा काहीतरी सोडावं लागलं.

या सगळ्याला मर्यादा आहेत. वाक्य बरोबर आहे हे वाक्यावरून कळत नाही. रात्रीचा कप लोक खरंच पुन्हा विकत घेतील का, चिकोरीचा वास चहाबाजाला खपेल का, नऊ रुपये त्या वेळेसाठी जास्त वाटतील का, हे घरी डबे देऊन, दुसरा डबा लोक स्वतःच्या पैशाने घेतात का ते पाहूनच कळेल. पण इथेही भरीव स्टेटमेंट आणि पोकळ स्टेटमेंट यांत फरक आहे. आपलं वाक्य चुकीचं ठरू शकतं: लोकांनी दुधाशिवायच प्यायला सुरुवात केली, किंवा सकाळीच वापरलं, तर आपण चुकलो हे दिसेल. ‘शरीर आणि मन ताजंतवानं’ हे वाक्य कधीच चुकीचं ठरत नाही, आणि म्हणूनच त्यातून काही शिकता येत नाही.

तेव्हा असाइनमेंट काढायचं कारण नाही, गुण द्यायची रीत बदलायची. स्टेटमेंटच्या भाषेला आणि स्लाइडच्या रंगांना आज जे गुण मिळतात त्यातले अर्धे काढून दोन गोष्टींना द्या. एक, या वाक्यामुळे मालात, पॅकिंगमध्ये किंवा दुकानाच्या निवडीत नेमकं काय बदललं, आणि कोणता पैसा आपण जाणूनबुजून सोडला. दोन, त्या स्वभावाने लिहिलेलं एका रागावलेल्या गिऱ्हाइकाला दिलेलं उत्तर, ब्रँडचं नाव झाकून. ही दोन पानं कोणालाही दुसऱ्याची उतरवून काढता येणार नाहीत, कारण एकाचा त्याग दुसऱ्याच्या मालाला बसत नाही. आणि माझ्या परिचितासारख्या, बाजारात माल विकलेल्या माणसानेच ती तपासावीत. कुठला त्याग खरा आणि कुठला नुसता लिहिलेला, हे त्याच्याइतकं चटकन कोणालाच कळणार नाही.